शेवटच्या पानावरचा बिबट्या

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले बिबटे मुंबईतल्या माणसांचे प्राण वाचवतात, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? तेही एकदोन नव्हे, वर्षाला नव्वद माणसांचे!

२०१८ साली ‘फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्नमेंट’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. क्वीन्सलँड विद्यापीठातले अलेक्झांडर ब्राझकोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी तो लिहिला होता. म्हणणं साधं आणि चक्रावून टाकणारं होतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले आणि त्याच्या आजूबाजूचे बिबटे भटकी कुत्री खातात. कुत्री कमी म्हणून चावे कमी, चावे कमी म्हणून रेबीजचा धोका कमी. हिशोब मांडला तेव्हा वर्षाला सुमारे १५०० कुत्री, सुमारे १००० चावे आणि ९० माणसं असे आकडे निघाले.

बातमी जगभर गेली. बिबट्या म्हणजे रात्री अंगणात शिरणारं संकट, ही ओळख एका दमात उलटली. पण मला या निबंधात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट बिबट्याची वाटत नाही. ती आहे त्या नव्वदच्या आजूबाजूला ठेवलेल्या शब्दांची. लेखकांनी ‘बिबटे नव्वद जीव वाचवतात’ असं लिहिलेलंच नाही. काही विशिष्ट गृहीतकं धरली, तर नव्वदपर्यंत जीव वाचू शकतात, असं त्यांचं विधान आहे. ‘गृहीतकं धरली तर’, ‘पर्यंत’ आणि ‘शकतात’. अनेक बातम्यांमधून हे शब्द गळाले आणि आकडा तेवढा उरला.

हे शब्द तिथे का होते? सावधपणाची सवय म्हणून? मुळीच नाही. प्रत्येक शब्दामागे एक मोजमाप आहे, आणि त्या मोजमापाची एक हद्द आहे. शोधनिबंधाचा निष्कर्ष कसा लिहावा, त्यात प्रस्तावनाच पुन्हा का उतरते, फलित म्हणजे काय, मर्यादा कशा सांगाव्या, हे सगळं या एका आकड्यात बघायला मिळतं. चला, तो उलगडू या.

असा आकडा उभा करायचा तर पहिला प्रश्न आहे बिबटे किती. बिबट्या काही मोजून घ्यायला समोर येऊन उभा राहत नाही. म्हणून जंगलातल्या वाटांवर कॅमेरे लावतात, आणि तेही एकमेकांसमोर जोडीने. जोडीने कशाला? कारण बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, आणि त्याच बिबट्याच्या डाव्या कुशीवरची नक्षी उजवीसारखी नसते! एकाच बाजूचा फोटो मिळाला तर एकाच जनावराचे दोन होऊन बसतील. २०१५ साली निकित सुर्वे यांनी उद्यान आणि आरेच्या परिसरात अशी मोजणी केली, तेव्हा ३५ बिबटे सापडले. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, तीन बाजूंनी शहर, आणि त्यात ३५ बिबटे.

दुसरा प्रश्न, ते खातात काय? इथे संशोधकाला विष्ठा गोळा करावी लागते. ती वाळवून, धुऊन, गाळून त्यातले केस वेगळे काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. केसाच्या आतल्या गाभ्याची आणि वरच्या खवल्यांची ठेवण बघून तो चितळाचा, सांबराचा, वानराचा की कुत्र्याचा हे कळतं. एका केसावरून एक जेवण! पण लगेच पुढचा पेच. लहान प्राण्याच्या अंगावर मांसाच्या मानाने केस जास्त, मोठ्याच्या अंगावर कमी. म्हणजे शंभरातल्या किती विष्ठांमध्ये कुत्र्याचे केस निघाले, यावरून पोटात किती किलो कुत्रं गेलं हे थेट सांगता येत नाही. त्यासाठी वजनानुसार दुरुस्ती करावी लागते. शिवाय विष्ठा जंगलाच्या आतल्या वाटेवर उचलली की वस्तीच्या कडेला, यावरही कुत्र्यांचा वाटा बदलतो. म्हणूनच याच जंगलातल्या वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये हा वाटा वेगवेगळा निघाला आहे.

१५०० ला ३५ ने भागून बघा. एका बिबट्यामागे वर्षाला साधारण ४३ कुत्री, म्हणजे आठ-नऊ दिवसांत एक. आता आकडा डोळ्यांपुढे उभा राहतो ना? तो शक्य वाटतो. आणि त्याच वेळी हेही दिसतं की बिबट्यांची संख्या किंवा कुत्र्यांचा वाटा जरा इकडे-तिकडे झाला, की १५०० हलणार.

त्यापुढची कडी कुत्र्यांपासून चाव्यांपर्यंतची, आणि शेवटची चाव्यांपासून मृत्यूपर्यंतची. इथेही एक भागाकार करून बघा. हजार चावे टळले आणि नव्वद जीव वाचले, तर साधारण दर अकरा चाव्यांमागे एक मृत्यू धरला गेला. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रोगी जवळपास कधीच वाचत नाही, पण चावल्यावर लगेच जखम साबणाने धुतली आणि वेळेवर लस घेतली तर तो जवळपास नेहमीच वाचतो. म्हणजे अकरात एक हे प्रमाण तेव्हाच खरं, जेव्हा चावणाऱ्या कुत्र्यांतली बरीच पिसाळलेली असतील आणि चावलेल्याला लस मिळणार नसेल. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत लस मिळते. म्हणून नव्वद ही वरची हद्द. ‘पर्यंत’ हा शब्द तिथे का आहे, ते आता कळलं?

आता आपल्या विषयाकडे या. समजा, हे सगळं काम तुम्ही केलंय आणि आता शेवटचा परिच्छेद लिहायचाय. हात आपोआप कुठे जातो? प्रस्तावनेकडे. ‘शहरीकरणामुळे मानव आणि वन्यजीव यांच्यातला संघर्ष वाढत आहे. मुंबईत भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गंभीर आहे. प्रस्तुत अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा विचार केला आहे. यावरून बिबट्याचे महत्त्व लक्षात येते.’ असा मजकूर तुम्ही कितीतरी प्रबंधांच्या शेवटी वाचला असेल.

असं का होतं? प्रस्तावना लिहिताना आपण विषयाचं महत्त्व पटवून देत असतो आणि ती वाक्यं महिनोन्‌महिने घासून गुळगुळीत झालेली असतात. निष्कर्ष मात्र सगळ्यात शेवटी, दमल्यावर, सादर करायची तारीख जवळ आल्यावर लिहिला जातो. मग जवळची तयार वाक्यं काळ बदलून शेवटी जाऊन बसतात. ‘अभ्यास करण्यात येईल’ होतं ‘अभ्यास करण्यात आला’. झाला निष्कर्ष!

हे ओळखायची एक कसोटी आहे, आणि ती इतकी सोपी आहे की प्रत्येक वेळी मला तिचं नवल वाटतं. निष्कर्षातलं एकेक वाक्य घ्या आणि विचारा, हे वाक्य काम सुरू करण्याआधी लिहिता आलं असतं का? कॅमेरा लावायच्या आधी, पहिली विष्ठा उचलायच्या आधी? ‘भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गंभीर आहे’ हे पहिल्या दिवशीही लिहिता आलं असतं. मग त्याची जागा प्रस्तावनेत आहे. ‘बिबट्याचे महत्त्व लक्षात येते’ हेही तेव्हा लिहिता आलं असतं, कारण त्यात आपल्याला सापडलेलं काहीच नाही. ‘एक बिबट्या साधारण आठ-नऊ दिवसांत एक कुत्रं मारत असावा’ हे मात्र काम केल्याशिवाय लिहिताच येत नाही. पेन्सिल घेऊन वाक्यं तपासत जा. जी आधीही लिहिता आली असती ती खोडा. अनेकदा पानभर मजकुरातली तीनचार वाक्यं उरतात. घाबरू नका. तोच तुमचा निष्कर्ष आहे, बाकीचं भरताड होतं.

मग प्रस्तावनेशी निष्कर्षाचा संबंधच तोडायचा? नाही. प्रस्तावनेत विचारलेल्या प्रश्नाला शेवटी उत्तर मिळालंच पाहिजे. फक्त प्रश्न पुन्हा विचारत बसायचं नाही, थेट उत्तर द्यायचं. वाचकाला प्रश्न आठवत असतो, कारण तो त्याच प्रश्नासाठी इतकी पानं चालत आलेला असतो.

उत्तर दिल्यावर पुढची पायरी फलिताची. आणि इथे बहुतेक जण एक मोठी उडी मारतात. सापडलेलं असतं एवढंच की विष्ठेत कुत्र्याचे केस आहेत, आणि लिहिलं जातं, ‘म्हणून शासनाने बिबट्यांच्या संवर्धनासाठी तातडीने पावले उचलावीत.’ केसापासून शासनापर्यंत एका वाक्यात! मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?

फलित म्हणजे आपल्याला जे सापडलं त्यामुळे कुणाचा कोणता निर्णय बदलेल, याचं उत्तर. ‘कुणाचा’ आणि ‘कोणता’ ही दोन्ही नावं वाक्यात आलीच पाहिजेत. याचं एक उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात आहे. तिथे उसाच्या शेतांत बिबटे राहत. पकडायचे आणि दूर जंगलात नेऊन सोडायचे, हा उपाय कुणालाही शहाणपणाचा वाटेल. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरच्या हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या, तर चित्र उलटंच निघालं. बिबटे पकडून इकडे-तिकडे सोडायला सुरुवात झाल्यावर हल्ले कमी होण्याऐवजी वाढले होते! २०११ साली ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’त हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्याचं फलित काय? ‘बिबट्या महत्त्वाचा प्राणी आहे’ हे नव्हे. पिंजरा लावून बिबट्या दुसरीकडे सोडण्याचा निर्णय वन खात्याने पुन्हा तपासावा, कारण त्या उपायाने धोका वाढू शकतो, हे त्याचं फलित. निर्णय घेणारा माहीत, निर्णय माहीत, दिशाही माहीत. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असं सरसकट स्थलांतर करू नये ही भूमिका त्यात आली. फलित नेमकं असेल तर ते असं उचलून कामाला लावता येतं.

मुंबईच्या निबंधाकडे परत बघा. तिथे लेखकांचं फलित काय आहे? ‘बिबटे वाढवा’ असं ते म्हणत नाहीत. बिबट्यांमुळे होणारं नुकसान आपण मोजतोच, पण त्यांच्यामुळे होणारा फायदाही मोजून दोन्ही एकत्र तोलले पाहिजेत, एवढंच ते म्हणतात. किती बेताचं विधान! हे बेताचं का ठेवावं लागतं, हे या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. २००४ च्या जून महिन्यात उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसं गेली होती. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराला नव्वद टळलेल्या मृत्यूंचा हिशोब सांगून चालणार नाही, आणि हिशोब मांडणाऱ्यालाही ते माहीत असावं लागतं. फायद्याचा आकडा अंदाजाचा आहे, आणि गेलेली माणसं मोजलेली आहेत. या दोन जातींचे आकडे एका पातळीवर ठेवायचे नाहीत, हेसुद्धा निष्कर्षात सांभाळावं लागतं.

आता मर्यादा. हा भाग लिहिताना विद्यार्थी बिचकतात. आपलंच काम आपणच कमी कसं दाखवायचं, असं त्यांना वाटतं. मग एक ओळ टाकून मोकळे होतात, ‘वेळ आणि साधनांच्या अभावी अभ्यासाला मर्यादा आल्या.’ पण तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ‘जास्तीत जास्त ६ माणसं’ अशी पाटी असते. ती वाचून लिफ्ट कमकुवत आहे असं कुणी म्हणतं का? उलट पाटी आहे म्हणूनच आपण बिनधास्त चढतो. मर्यादा हे निष्कर्षावरचं असं लिखाण आहे, या विधानावर किती भार टाकता येईल ते सांगणारं.

पण भार सांगायचा तर आकडा लागतो, निदान दिशा तरी. ‘वेळेअभावी’ यातून वाचकाला काय कळणार? उत्तर चुकलं असेल तर कुठल्या बाजूला चुकलं असेल, जास्त की कमी, हे सांगणारी मर्यादा खरी कामाची.

कुत्र्यांचंच बघा. बिबट्याने वर्षाला १५०० कुत्री खाल्ली, म्हणून शहरात १५०० कुत्री कमी झाली का? थांबा, घाई करू नका. एका गल्लीतलं कुत्रं गेलं की तिथला कचरा, तिथलं खाणं मोकळं होतं. शेजारच्या गल्लीतलं कुत्रं सरकून तिथे येतं, किंवा तिथल्याच कुत्रीची जास्त पिल्लं जगतात. शिवाय बिबट्या कुठलं कुत्रं पकडतो? म्हातारं, आजारी, लंगडणारं पकडत असेल, तर ते तसंही लवकर मरणारच होतं. म्हणजे मारलेली कुत्री आणि कमी झालेली कुत्री हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा लहानच असण्याची शक्यता जास्त. ही झाली दिशा असलेली मर्यादा. टळलेले चावे कदाचित कमी असतील, नव्वद आणखी खाली येईल, हे वाचकाला स्वतःच काढता येतं.

पण एक आश्चर्य अजून बाकी आहे. हीच गोष्ट उलट्या दिशेलाही जाऊ शकते. बिबट्याने पिसाळलेलं, सुन्न भटकणारं कुत्रं आधी पकडलं असेल, तर एका कुत्र्यामागे टळणारा धोका सरासरीपेक्षा जास्त असेल! आणि विष्ठेतला केस ते कुत्रं निरोगी होतं की पिसाळलेलं हे सांगत नाही. ते गल्लीतलं होतं की कुणाच्या दारातलं पाळलेलं, हेही सांगत नाही. ज्या केसाने आपल्याला अख्खं जेवण ओळखून दिलं, तोच केस इथे मुका आहे.

आणि याच जागी पुढचं संशोधन जन्माला येतं. ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही निबंधाच्या शेवटी चिकटवता येईल, म्हणून ते कुठेच नको. त्याऐवजी मर्यादा सांगितली की तिच्याच पोटातून प्रश्न काढायचा. केस सांगत नाही कुत्रं कसं होतं? मग उद्यानाच्या कडेच्या ठरावीक गल्ल्यांमधली कुत्री फोटोवरून ओळखून ठेवा, वय आणि तब्येत नोंदवा, वर्षभर बघत राहा आणि नाहीशी होणारी कोणती ते तपासा. प्रश्न कुणी, कुठे, काय मोजून सोडवायचा, एवढं लिहिलं की पुढच्या माणसाला कामाला लागता येतं.

आता एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघू. कल्पनेतलं आहे, पण अडचणी खऱ्या आहेत. समजा, एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी मुलुंड पश्चिमेला कुत्री मोजते. फेब्रुवारी महिनाभर रोज पहाटे काही गल्ल्या मुलुंड कॉलनीच्या बाजूच्या, जंगलाला लागून, आणि काही स्टेशनजवळच्या. तिला जंगलाच्या कडेला किलोमीटरमागे ९ कुत्री दिसतात आणि स्टेशनजवळ २१.

तिचा पहिला निष्कर्ष असा होता. ‘मुंबईत भटक्या कुत्र्यांचा प्रश्न बिकट आहे. प्रस्तुत अभ्यासात मुलुंडमधील कुत्र्यांची गणना करण्यात आली. जंगलाजवळ बिबट्यांमुळे कुत्री कमी आहेत. वेळेअभावी अभ्यासाला मर्यादा आहेत. अधिक संशोधनाची गरज आहे.’

आपली कसोटी लावा. पहिलं वाक्य आधीही लिहिता आलं असतं, खोडा. दुसरं पद्धतीत आलेलं आहे, खोडा. शेवटची दोन कुठेही चिकटतील अशी, खोडा. उरलं तिसरं, आणि खरी गंमत त्यातच आहे. ‘बिबट्यांमुळे’ हे तिने मोजलं का? तिने कुत्री मोजली, बिबटे नव्हे. स्टेशनजवळ खाऊच्या गाड्या, हॉटेलं, मासळी बाजार. जंगलाच्या कडेला यातलं फार कमी. कुत्री अन्नामुळे कमी असतील, निर्बीजीकरण तिकडे जास्त झालं असेल, किंवा बिबट्यामुळेही कमी असतील. तिच्या आकड्याला या तिघांतला फरक कळत नाही.

याहून सूक्ष्म अडचण अजून पुढेच आहे. जंगलाच्या कडेची कुत्री रात्री आणि पहाटे कुठे असतात? बिबट्याची भीती असेल तर ती सोसायटीच्या फाटकाच्या आत, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खुर्चीजवळ जाऊन झोपतील. रस्त्यावर मोजणाऱ्या मुलीला ती दिसणारच नाहीत! म्हणजे बिबट्यामुळे कुत्री कमी झाली नसतील, फक्त दिसेनाशी झाली असतील. खरा फरक ९ आणि २१ इतका नसून त्याहून लहान असू शकतो. बघा, तिच्या मोजण्याची वेळच तिच्या उत्तरात शिरून बसली होती.

आता तिचा नवा निष्कर्ष वाचा.

‘पहाटेच्या मोजणीत जंगलालगतच्या गल्ल्यांमध्ये स्टेशन परिसराच्या निम्म्याहून कमी कुत्री दिसली. यातला किती भाग बिबट्यांचा आणि किती अन्नाच्या उपलब्धतेचा, हे या मोजणीतून वेगळे करता येत नाही. जंगलालगतची कुत्री पहाटे आवारात आश्रय घेत असतील, तर त्यांची खरी संख्या येथे दिली त्यापेक्षा जास्त असेल आणि दोन परिसरांतील फरक कमी असेल. तरीही, निर्बीजीकरणासाठी पहाटे रस्त्यावर कुत्री पकडणाऱ्या पथकाला जंगलालगत कमी कुत्री सापडतील हे खरे. तेथे आवारांत जाऊन पकडण्याची सोय करावी लागेल. पुढील मोजणीत याच गल्ल्यांतील कुत्री फोटोवरून ओळखून पहाटे व दुपारी, रस्त्यावर व आवारात मोजावीत आणि प्रत्येक गल्लीतील उघड्या कचऱ्याच्या जागांची नोंद करावी. दुपारी फरक मिटला, तर तो लपण्याचा होता. टिकला, तर कचऱ्याशी त्याचा संबंध तपासता येईल.’

आठ वाक्यं झाली. त्यातलं एकही पहिल्या दिवशी लिहिता आलं नसतं. फलिताकडे लक्ष द्या. ते बिबट्याबद्दल उरलेलंच नाही, ते कुत्री पकडणाऱ्या पथकाबद्दल झालं. तिने जे मोजलं, त्याचा भार तेवढाच पेलतो. गंमत अशी, की मर्यादेनेच ते फलित हाती दिलं. कुत्री आवारात लपत असतील ही अडचण तिच्या मोजणीची होती, आणि तीच पथकाच्या कामाची माहिती ठरली. शेवटची दोन वाक्यंही बघा. पुढच्या संशोधकाला त्यांत दोन्ही उत्तरं आधीच वाचून दाखवली आहेत, असं निघालं तर हे, तसं निघालं तर ते. जे संशोधन काहीही निघालं तरी तेच सांगणार, ते करायचं कशाला?

लिहिताना क्रम सांभाळायला एक युक्ती बरीच उपयोगी पडते. निष्कर्ष लिहायच्या आधी आपल्या आकड्याच्या सगळ्या कड्या कोऱ्या कागदावर एकाखाली एक मांडायच्या. किती बिबटे, आहारात किती कुत्री, किती कुत्री खरोखर कमी झाली, किती चावे, किती मृत्यू. मग प्रत्येक कडीपुढे लिहायचं, ही मी मोजली, की दुसऱ्याकडून घेतली, की गृहीत धरली. गृहीत धरलेली जी कडी हलली की शेवटचा आकडा सगळ्यात जास्त हलतो, ती मर्यादांमध्ये पहिली. बाकीच्या मागून, किंवा नाहीच. दहा मर्यादा सारख्याच आवाजात सांगितल्या की वाचकाला महत्त्वाची कोणती तेच कळत नाही, आणि सगळ्यात जड मर्यादा सहाव्या-सातव्या क्रमांकावर बिनबोभाट निसटते. परीक्षकाची नजर मात्र नेमकी तिच्यावरच पडते, कारण तोही मनातल्या मनात हाच भागाकार करत असतो.

उघड्या ठेवलेल्या कड्यांचा आणखी एक फायदा असतो, आणि तो निबंध छापल्यानंतर दिसतो. २०१५ च्या मोजणीत ३५ बिबटे होते. २०१८ च्या मोजणीत ४७ निघाले आणि २०२४ च्या मोजणीत ५४. म्हणजे पहिलीच कडी बदलली. मग कुत्री १५०० वरून त्याच प्रमाणात वाढवायची का? अजिबात नाही. बिबटे वाढले म्हणून प्रत्येकाला तेवढीच कुत्री मिळतीलच असं कुठे आहे? कडेच्या गल्ल्यांमधली कुत्री आधीच कमी झाली असतील तर बिबट्या चितळाकडे वळेल, आणि त्याची बातमी पुन्हा विष्ठेतल्या केसातच मिळेल. पण हा नवा हिशोब आज बोरिवलीतला किंवा भांडुपमधला कुणीही करायला बसू शकतो. जुन्या उत्तरातली कुठली संख्या काढून तिथे नवी घालायची आणि कुठली कडी नव्याने मोजायची, हे त्याला ठाऊक असतं, कारण लेखकांनी ‘गृहीतकं धरली तर’ असं लिहून ठेवलं होतं.